कुलूप लावून वाळवलेली टेप

माझ्या मावशीकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्याचं झाकण उघडताना 'टकाक्' असा आवाज येतो. घरात तो आवाज झाला तर मांजरसुद्धा कान हलवत नाही. पण वृद्धांच्या शुश्रूषागृहात, पहिल्या मजल्यावरच्या पुरुषांच्या लांब खोलीत तो झाला, की बाराच्या बारा खाटांवरची बोलणी तोंडातल्या तोंडात थांबतात. दोन नंबरचे आजोबा तर तेवढ्यात झोपेचं सोंग घेतात आणि असे घोरायला लागतात, की खऱ्या घोरणाऱ्याला वाटावं, आपल्याला अजून जमलेलं नाही.

डब्यात सुया नसतात, सुरी नसते. एक पिवळी कापडी टेप असते, दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि घड्या घालून मऊ झालेला एक तक्ता. एवढ्याशा गोष्टीला माणसं का घाबरत होती, ते मावशीला नऊ वर्षं कळलं नाही.

मावशी आहारतज्ज्ञ आहे. सोमवारी हे घर, गुरुवारी दुसरं, शनिवारी तिसरं. दर तीन महिन्यांनी तिला प्रत्येकाचं वजन आणि उंची घेऊन सांगायचं असतं, की हा माणूस खातापिता आहे की आतल्या आत झिजतोय. वजनाचं सोपं आहे. झोळीच्या खुर्चीत बसवायचं, काटा बघायचा. पण जो माणूस दोन वर्षांत उभाच राहिलेला नाही, त्याची उंची कुठून आणायची?

"लोक काय करतात माहितीय?" मावशी जेवताना हात वाळेपर्यंत सांगत बसते. "झोपलेल्या माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावतात. अरे, त्याची पाठ वाकलीय, कंबर आखडलीय, गुडघे सरळ होत नाहीत. तू माणूस मोजतोयस की मुटकुळं? पाठीचे मणके दबतात. पायाची नळी दबते का? मग पायाला विचार की!"

म्हणून ती पायाला विचारते. डावा पाय घ्यायचा. गुडघा काटकोनात, घोटाही काटकोनात. बसता येत नसेल तर उताणं झोपवून पाय उचलायचा आणि तळव्याला पाटी लावायची. टेपचं टोक बोटांत धरून तळहात मांडीवर आडवा ठेवायचा, गुडघ्याच्या जरा मागे. तिथून टेप पायाच्या बाहेरच्या कडेनं, घोट्याच्या हाडावरून सरळ टाचेच्या तळापर्यंत. झाली गुडघ्याची उंची. मग गणित. पुरुषांसाठी या मापाची दुप्पट आणि वर अगदी थोडं, त्यात चौसष्ट मिळवायचे, आणि वयापोटी थोडं कापायचं. ऐंशीच्या माणसाचे तीनेक सेंटिमीटर जातात. बायकांचं सूत्र वेगळं, त्यात वय बरंच जास्त कापतं. ("तिथंही!" असं आई म्हणते. दरवेळी म्हणते.)

मावशी एकाच मापावर विसंबत नाही. दुसरं माप हाताचं. डावा हात छातीवर आडवा, तळवा उजव्या खांद्याकडे, आणि कोपराच्या टोकापासून मनगटाच्या वर आलेल्या हाडाच्या मध्यापर्यंत. तेवढी लांबी तक्त्यात शोधली की समोर उंची मिळते. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंत मोजायचीही रीत आहे, पण बारा खाटांपैकी दहांचे खांदे ताठलेले. पसरायला सांगितलं तर शिव्या मिळतात.

"गुडघा एक सांगतो, हात एक सांगतो. दोघांचं जुळलं की मी निर्धास्त," मावशी म्हणायची. "दोन साक्षीदार आहेत माझे."

साक्षीदार दरवेळी जुळायचे.

आणि स्वच्छतेच्या बाबतीत तर मावशीपुढे हात टेकले. बारा जणांच्या पायांना लागलेली टेप तशीच डब्यात? छे! दर रविवारी सकाळी टेप जंतुनाशक घातलेल्या कढत पाण्यात भिजायची, पिळली जायची, आणि न्हाणीच्या खिडकीतल्या खिळ्याला लटकायची. वाळताना गुंडाळी होऊ नये म्हणून खालच्या टोकाच्या पितळी छिद्रात ती एक कुलूप अडकवायची. आमच्या आजोबांच्या गोदामाचं, मूठभर आकाराचं, किल्ली हरवलेलं. टेप कशी ताठ, इस्त्री केल्यासारखी वाळायची. पाहुणे न्हाणीतून बाहेर येऊन विचारायचे, "ते खिडकीत फाशी कुणाला दिलंय?" मावशी अभिमानानं सांगायची, "माझ्या टेपला."

नऊ वर्षं, दर रविवारी.

आता त्या घराचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावर आलं. वजन आणि उंचीवरून एक आकडा निघतो, बीएमआय. तो साडेअठराच्या खाली गेला की नावापुढे लाल रेघ. लाल रेघवाल्याला दिवसातून तीनदा पावडर घातलेलं घट्ट दूध, जेवणात जास्तीचं लोणी आणि अंडं, दर आठवड्याला वजन, आणि जेवताना शेजारी बसायला एक माणूस. साडेअठरा किंवा वर असला तर मावशी पेन्सिलीनं लिहायची: 'ठीक'. ठीकवाल्याला नेहमीचं ताट, आणि भेट तीन महिन्यांनी.

त्या खोलीत सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. पाय गेले आहेत, आवाज शाबूत आहे. ते साधं पाणी मागतानासुद्धा नाकातून, शब्द तोडून, गाडीच्या घोषणेसारखं मागतात. "कृपया. लक्ष द्या. खाट क्रमांक सात. येथे. पाणी. येण्याची. शक्यता आहे काय?"

या माणसाला उद्योग नव्हता. म्हणून त्यानं नोंद ठेवली. वहीत नाही, डोक्यात. आणि नवीन माणूस खोलीत आला की पहिल्याच संध्याकाळी त्याला ऐकवायचा.

"खाट क्रमांक चार. टेपवाल्या बाईंनी 'ठीक' लिहिलं. अकरा आठवड्यांत प्रस्थान. खाट क्रमांक नऊ. 'ठीक'. पाच महिन्यांत प्रस्थान. खिडकीजवळचे हेडक्लार्क. 'ठीक', पुन्हा 'ठीक'. प्रस्थान. आणि मी? तीन वर्षं लाल रेघ. अजून फलाटावरच."

"म्हणजे ती बाई माणूस मोजून त्याला..." नवीन माणूस घाबरून विचारायचा.

"ते मला माहीत नाही. मी फक्त वेळापत्रक सांगतो."

सगळे हसायचे. मोठ्या सिस्टरही हसायच्या. त्या प्रत्येक वाक्य 'कळलं ना'नं संपवतात. "वय झालंय तुमचं, त्याला टेप काय करणार, कळलं ना? ताई देवमाणूस आहेत, कळलं ना?" पण सोमवारी डबा वाजला की हसणाऱ्यांचे पाय पांघरुणात जायचे.

शिंपीकाका आले ते या खोलीत.

चार नंबरची खाट, तीच रिकामी झालेली. वय एक्याऐंशी. मांडीचं हाड मोडून दवाखान्यात दोन महिने काढून आलेले. पाठ आधीच शिवणयंत्रावर वाकलेली, आता कंबरेतही बाक. बायको गेलेली. मुलगी दूर असते, दर रविवारी फोन करते. तिला काकांनी वचन दिलं होतं: तिच्या मुलीचं लग्न पावसाळ्यानंतर आहे, त्या लग्नात नवरदेवाचा कोट मी माझ्या हातानं शिवणार. कापड उशाखाली होतं. करडं, हलकं, घडी न मोडलेलं. हात थरथरत होते, पण सुई धरली की थांबायचे. मोठ्या सिस्टरनी स्वतः पाहिलंय.

पहिल्या सोमवारी मावशी त्यांच्या खाटेशी गेली. टकाक्.

"काका, पाय द्या जरा. डावा."

"घ्या. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आता माझं कुणीतरी घेतंय. पण ताई, पाटलोण शिवणार असाल तर खाली दोन इंच दाब सोडा. मी अजून वाढतोय."

मावशीनं गुडघा काटकोनात धरला, तळव्याला पाटी लावली. एक्कावन्न. हात छातीवर घेतला. पंचवीस. गणित केलं: एकशे चौसष्ट. तक्त्यात पाहिलं: एकशे पासष्ट. साक्षीदार जुळले. तिनं सूत्राचे एकशे चौसष्ट धरले.

"माझी उंची पाच फूट सहा," काका म्हणाले.

"पाच फूट साडेचार, काका."

"पाच. फूट. सहा. दुकानातल्या आरशावर खूण होती माझ्या डोक्याची."

"सगळेच तरुणपणची उंची सांगतात हो," मावशी हसली. "आणि हा अंदाज असतो. तीनचार सेंटिमीटर इकडेतिकडे व्हायचंच."

वजन पन्नास किलो पाचशे ग्रॅम. बीएमआय अठरा पूर्णांक आठ. आधीचं वजन दवाखान्याच्या कागदावर कुणी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे किती घटलं ते कळायला मार्ग नव्हता. मावशीनं पेन्सिल उचलली.

"काय लिहिलंत?"

"ठीक आहात तुम्ही, काका."

दोन नंबरचं घोरणं थांबलं. सात नंबरवरून स्टेशनमास्तर अगदी हळू, घोषणेशिवाय, माणसासारखे म्हणाले, "अरे रे."

त्यानंतरचे सात आठवडे काकांनी स्वतःचं माप स्वतः ठेवलं. त्यांच्या पायजम्याला नाडी नव्हती, कमरेला दुमड घालून सेफ्टी पिन लावायचे. दर सोमवारी ते पिन काढून कापड ताणायचे आणि पुन्हा लावायचे. पहिल्या आठवड्यात पिन होती तिथंच. दुसऱ्या आठवड्यात एक बोट आत. चौथ्यात दोन बोटं. जुन्या भोकांची ओळ कापडावर तशीच राहिली होती, मुंग्या एका रांगेत पोटाकडे चालल्यासारखी.

ताट रोज अर्धं परत जायचं. वाढणाऱ्या बाईला बारा ताटं उचलायची असायची, ती म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाची भूक एवढीच असते, आजोबा, लाजू नका." लाल रेघवाल्यांशेजारी एक मुलगी बसून घास घास भरवायची. ठीकवाल्यांशेजारी कुणी नसायचं. चूक तिची नव्हती. यादीच तशी होती.

कोट कापून झाला होता. बाह्या टाचून झाल्या होत्या. सहाव्या आठवड्यात काकांनी सुई ओवली आणि ती हातातच राहिली.

"डोळे?" स्टेशनमास्तरांनी विचारलं.

"डोळे आहेत. सुई जड झालीय."

सातव्या सोमवारी मावशी पाच नंबरच्या खाटेचं माप घेत होती, तेव्हा काकांनी हाक मारली.

"ताई, ती टेप जरा देता?"

"काय करताय काका?"

"देता की नाही? धंद्यातल्या माणसानं मागितली तर नाही म्हणत नाहीत."

तिनं दिली. काकांनी ती आधी नुसती बोटांतून ओढली, डोळे मिटून, जसं कुणी ताप बघावा तसं. मग दोन्ही हातांत धरून ताणली. मग पंजा पसरून करंगळीपासून अंगठ्यापर्यंत टेपवर ठेवला.

"बावीस," ते म्हणाले. "सेंटिमीटरमध्ये बावीस. माझी वीत नऊ इंच आहे, ताई. चौदाव्या वर्षापासून नऊ. तेवीसला जरा कमी. टेप नसली की मी वितेनं कापड कापलंय."

"काका, तुमची बोटं आता पहिल्यासारखी उघडत नाहीत. पंजा आखडलाय."

"आखडला असेल. पण मग गुडघाही आखडला? आणि हातही? सगळे मिळून सारखेच आखडले?" काकांनी टेप तिच्या हातात परत ठेवली. "कापडी टेप म्हातारी झाली की लांब होते, ताई. आणि टेप लांब झाली की माणूस आखूड होतो. मी दुकानात दर वर्षी नवी घ्यायचो. जुनी पोरांना खेळायला. ही कधीची?"

"चांगली आहे ही. मी जिवापाड जपते हिला."

"तेच विचारतोय. कशी जपता?"

मावशीला राग आला. ती म्हणते, खरंच आला. नऊ वर्षांच्या कामाला कुणी बोट लावलं की येतोच. तिनं डबा बंद केला, "नंतर बघू," म्हणाली आणि खाली कार्यालयात येऊन, हातातली टेप टेबलावर टाकून बसली. पंखा चालू होता. समोर तिच्याच तपासणीच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, आणि एक कागद उडून टेपवर येऊन पडला.

ए-फोर कागदाची लांबी तिला पाठ होती: एकोणतीस पूर्णांक सात सेंटिमीटर. तिनं टेप लावली. साडेअठ्ठावीस.

चुकून लागली असेल म्हणून तिनं पुन्हा लावली. मग दोन कागद टोकाला टोक जोडून ठेवले. साठाला थोडे कमी यायला हवेत. आले सत्तावन्न.

"मला आधी वाटलं," तिनं आम्हाला त्या दिवशी जेवताना सांगितलं, "की कागदवाला फसवतोय."

मग तिला न्हाणीची खिडकी दिसली. कढत पाणी दिसलं. पिळणं दिसलं. कुलूप दिसलं.

दुरुस्तीवाल्या मिस्त्रीकडून तिनं पोलादी टेप मागून आणली आणि जिना चढली. या वेळी डबा वाजला नाही, तरी खोली गप्प झाली, कारण तिचा चेहरा कुणाला आवडला नाही.

"काका, डावा पाय."

तोच गुडघा, तोच काटकोन, तीच पाटी. त्रेपन्न.

हात छातीवर. सव्वीस.

तिनं गणित दोनदा केलं. एकशे अडुसष्ट. तक्त्यात पाहिलं. एकशे अडुसष्ट. पाच फूट सहा.

"आरशावरची खूण," काका म्हणाले. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं ते दिसले नाहीत.

झोळीच्या खुर्चीत वजन घेतलं. अठ्ठेचाळीस किलो नऊशे. बीएमआय सतरा पूर्णांक तीन. आणि पहिल्या दिवशीचा खरा आकडा, मावशीनं तो कागदाच्या कोपऱ्यात केला: सतरा पूर्णांक नऊ. म्हणजे सात आठवड्यांपूर्वीच लाल. सात आठवड्यांचं दूध, सात आठवड्यांची अंडी, शेजारी बसणारी मुलगी, सगळं त्यांच्या हक्काचं होतं आणि दोन सेंटिमीटरांनी अडवलं होतं. गुडघ्यातले दोन सूत्रात दुप्पट होऊन उंचीत चार झाले, आणि माणूस कागदावर बुटका, म्हणून भरलेला दिसला.

तिनं लाल पेन उचललं. रेघ मारली.

"कृपया लक्ष द्या," स्टेशनमास्तरांचा आवाज चिरकला. "खाट क्रमांक चार. लाल रेघ. प्रस्थान. पुढे ढकलण्यात. आलेलं आहे."

सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. ज्यांचे हात जुळत नव्हते त्यांनी खाटेच्या कठड्यावर वाजवल्या. धोका आहे असं लिहिल्याबद्दल टाळ्या मिळालेलं जगात हे एकच घर असेल. मावशी मात्र उभी होती तशीच उभी राहिली. कारण टाळ्यांमध्ये तिला स्टेशनमास्तरांचं वेळापत्रक ऐकू येत होतं. खाट चार. खाट नऊ. खिडकीजवळचे हेडक्लार्क.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, अंदाजच असतो तो, तुम्हीच सांगता. तीनचार सेंटिमीटर इकडेतिकडे, कळलं ना?"

"नाही," मावशी म्हणाली. "अंदाज चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. हा नऊ वर्षं एकाच बाजूला चुकला. आणि दोन साक्षीदार म्हणत होते मी. दोघांना एकाच टेपनं पढवलं होतं."



मावशीनं डॉक्टरांना फोन करून झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मग रजिस्टर मागवलं. टेप एका दिवसात लांब झाली नव्हती. जुन्या पानांवरची चूक किती होती हे कुणालाच कळणार नव्हतं. म्हणून तिनं शेवटची दोनच वर्षं धरली, आणि साडेअठराच्या अगदी वर अडकलेले आकडे शोधले. अठरा पूर्णांक सहा. अठरा पूर्णांक नऊ. एकोणीस. वजनं बघितली तर तीन महिन्यांत किलो, कधी अर्धा. कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी, पण खालीच जाणारी. प्रत्येक आकडा टेपची आजची चूक भरून काढून पुन्हा केला. सहा जण रेघेखाली आले. सहांपैकी दोन अजून खोलीत होते, त्यांना तिथल्या तिथं लाल केलं.

चार जणांच्या पानांवर तिनं लाल रेघ मारली नाही. पेन टेकवलं, आणि उचललं.

टेपनं माणसं मारली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ती माणसं म्हातारी होती, प्रत्येकाला दुसरी काही ना काही दुखणी होती. मावशीही तसं म्हणत नाही. ती एवढंच म्हणते, "त्यांचं दूध मी दिलं नाही."

शिंपीकाकांना घट्ट दूध सुरू झालं. पहिले आठ दिवस पोटानं घेतलंच नाही. अर्धा पेला आत, पाव पेला बाहेर. शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, "अजून एक घोट, माझ्यासाठी," आणि काका म्हणायचे, "तुझ्यासाठी मी कोटाचं बटण तोडून देईन, पण घोट नाही." दुसऱ्या सोमवारी वजन तेवढंच. तिसऱ्या सोमवारी शंभर ग्रॅम खाली. मावशी त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. सुई उशाला टोचून ठेवलेली होती, तिच्यातला दोरा तसाच लोंबत होता. लग्नाला पाच आठवडे होते.

चौथ्या सोमवारी काट्यावर एकोणपन्नास किलो दोनशे आले. काकांनी पिन काढली आणि एका बोटानं बाहेर लावली. जुन्याच भोकात, मुंग्यांच्या रांगेत, पण उलट्या दिशेनं. मग उशाखालून कोट काढला.

"डावी बाही राहिलीय," ते म्हणाले. "बघू कोण आधी संपतंय."

बाही सात दिवसांत लागली. गळा त्यानंतर. कॉलर शिवताना त्यांनी मावशीला बोलावून बसवलं आणि दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"त्या बाकीच्या दोन घरांत," टाका घालता घालता त्यांनी विचारलं, मान वर न करता, "किती निघाले?"

पोलादी टेप घेऊन मावशी पहिल्याच गुरुवारी दुसऱ्या घरी गेली होती. तिथे बायकांची खोली होती, वीस खाटांची. डबा तिनं घरीच ठेवला होता, तरी दारात पाऊल टाकल्यावर एक आजी दुसरीला म्हणालेली तिनं ऐकलं होतं, "आली गं. पाय आत घे."

"ताई, दोरा सैल सोडताय," काका म्हणाले.

तिनं ताणून धरला.

"किती?"

"दुसऱ्या घरात अकरा," मावशी म्हणाली. "तिसरं घर मोठं आहे, तिथली निम्मी माणसं मोजायची राहिलीत."

"अकरांतले अजून आहेत किती?"

"तीन."

काकांनी टाका पुरा केला, दातांनी दोरा तोडला, आणि कोट तिच्या मांडीवर ठेवून कॉलर तळव्यानं सपाट केली. कॉलर सरळ बसली होती, केसभरही वाकडी नाही.

"तिसऱ्या घरी कधी जाणार?"

"शनिवारी."

"उद्या जा," शिंपीकाका म्हणाले.

मावशीनं कोट तसाच त्यांच्या पायांशी ठेवला आणि पर्स उचलली. उद्यापर्यंतही ती थांबली नाही. जिन्यावर तिला खालून मोठ्या सिस्टर येताना दिसल्या, त्यांनी विचारलं, ताई, इतक्या लगबगीनं कुठे? आणि मागून, लांब खोलीतून, नाकातला आवाज आला, शब्द तोडून तोडून:

"कृपया. वाट. मोकळी करा."